साडेनऊशेचं भरीत

डिसेंबर लागला की आमच्या अमळनेरात माणसं एकमेकांना तब्येत विचारत नाहीत, "भरीत कधी?" असं विचारतात. यंदा आमच्या गल्लीची पार्टी ठरली, अठरा माणसं जमली, शेत मिळालं, भाजायला कपाशीची पऱ्हाटी फुकटात मिळाली. फक्त खजिनदार मिळत नव्हता. मी त्या वेळी नेमका पाणी प्यायला उठलो होतो. परत आलो तेव्हा टाळ्या वाजत होत्या.

भरिताबद्दल मी काही लिहिणार नाही. ती मोठमोठी हिरवी वांगी पऱ्हाटीच्या जाळात टाकली, साल काळी पडून फुटली, लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचून वर लसूण-मिरचीची फोडणी पडली, की त्यापुढे माणसाला हिशेबाचं भान राहत नाही. माझंही राहिलं नाही. दुर्दैवानं हिशेब मी त्याच वेळी करत होतो.

डाव्या हातात पुरी, उजव्या हाताच्या तेलकट अंगठ्यानं मोबाइलवर बेरीज. वांगी ५७०, कळण्याचं ज्वारी-उडीद दळणासह ६८५, तेल ९१५, कांदापात-मिरची-लसूण-कोथिंबीर ४२८, दाणे-खोबरं ३७६, मठ्ठ्याचं दही ५३२, जिलबी १,१८०, पत्रावळी-द्रोण ३१५, टेम्पो १,४७०. बेरीज आली १७,०९१. अठरांनी भागली, ९४९ रुपये ५० पैसे. गल्लीच्या ग्रुपवर टाकलं, "प्रत्येकी ९५०, लगेच पाठवा."

आणि लोकांनी पाठवले! यावर अजून माझा विश्वास बसत नाही. आमच्यात एक बँकेतले आहेत, एक कर सल्लागार आहेत, एक तर बावीस वर्षं गणित शिकवतात. गणिताच्या सरांनी पैसे पाठवून वर अंगठा दाखवला. कॅल्क्युलेटरनं सांगितलं म्हणजे झालं. तो कुणाच्या तेलकट अंगठ्यावर चालतोय, हे कोण बघतो?

अडकलो ते फक्त नानांपाशी. नाना पूर्वी जिनिंगमध्ये मुनीम होते. मोबाइल ते लांब धरून बघतात, साप धरावा तसा. आकडा वाचून म्हणाले, "भो, हाई बेरीज खोटी शे. सोनाना वांगा शेतस का?"

"नाना, मशीन आहे ते. मशीन चुकत नाही."

"मशीन नाही चुकत. आकडे वाच."

मी वाचत गेलो, ते नुसते शेकडे पकडत गेले. ५७० म्हणजे सहाशे, ६८५ म्हणजे सातशे, ९१५ म्हणजे नऊशे. पन्नासच्या वर गेलं तर पुढचं शतक, खाली राहिलं तर मागचं. माझं वाचून संपेपर्यंत त्यांची बेरीजही तोंडातल्या तोंडात संपली होती. "सहा, तेरा, बावीस, सव्वीस, तीस, पस्तीस, सत्तेचाळीस, पन्नास, पासष्ट. साडेसहा हजार. तुझे सतरा हजार कुठून आले?"

मी वाद घातला. म्हटलं, नाना, प्रत्येक आकड्यात तुम्ही थोडं-थोडं खोटं बोललात, नऊ खोटी मिळून दहा हजारांचा घोळ होऊ शकतो. तर म्हणाले, एका आकड्यात फार तर पन्नासचं खोटं, आकडे नऊ, म्हणजे सगळी खोटी एकाच बाजूला गेली तरी साडेचारशे. आणि सहसा तेवढंही होत नाही, कारण वांग्यात तीस वाढवले तर भाजीत अठ्ठावीस कमी केले, एकमेकांत जिरतात. आता साडेचारशेच्या भोकात दहा हजार कसे बसवशील ते सांग.

मी पुरी खाल्ली.

मग त्यांनी जे केलं त्यानं मात्र मी चाट पडलो. सतरा हजारांतून साडेसहा वजा केले, साधारण साडेदहा हजार उरले. "याला नऊनं भाग." आले अकराशे सत्तरच्या आसपास. "आता अकराशे-बाराशेचा आकडा कोणता?" यादीत तसा एकच होता. जिलबी. मी मोजणीची नोंद उघडून बघितली तर खरंच, १,१८० ऐवजी ११,८०० पडले होते. तेलाच्या अंगठ्यानं शून्य दोनदा दाबलं होतं. एक शून्य जास्त पडलं की आकडा दसपट होतो, त्यातला एक वाटा खरा, नऊ वाटे फुकटचे. म्हणून फरकाला नऊनं भागलं की चोर स्वतःच नाव सांगतो. जिनिंगमध्ये हे सगळ्यांना यायचं म्हणे. मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. गणिताचे सर तेव्हा जिलबी घेत होते.

खरं सांगायचं तर आकडे गोल करायची कला मलाही येते, फक्त मी ती एकाच दिशेनं वापरतो. दिवाळीत कपडे घेतले, ९९५, १,४९५ आणि ८९५. घरी हिला सांगताना नऊशे, चौदाशे, आठशे, म्हणजे एकतीसशे. खरा आकडा ३,३८५. सगळे एकाच बाजूला ढकलले की काही जिरत नाही, नुसतं साचत जातं. नानांच्या रीतीनं हजार, पंधराशे, नऊशे केलं असतं तर चौतीसशे आले असते, पंधराच रुपयांचा फरक. पण मग लग्न टिकलं नसतं.

असो. मी हात धुतले, पुसले, पुन्हा सगळे आकडे टाकले. आले ६,४४४. नानांच्या साडेसहा हजारांना चिकटून! अठरांनी भागले तर बरोबर ३५८, पैसेसुद्धा नाहीत. मी अभिमानानं ग्रुपवर टाकलं आणि ज्यांचे साडेनऊशे आले होते त्यांचे ५९२ परत करत बसलो. सरांनी पुन्हा अंगठा दाखवला.

रात्री घरी पाकीट मोजलं तर २७ रुपये कमी. दोनदा मोजलं, तीनदा मोजलं. साडेदहाला नानांना फोन केला.

"नऊनं भाग जातो का?"

"जातो. तीन."

"मग कुठेतरी शेजारशेजारचे दोन आकडे उलटे टाकलेस, आणि त्या दोघांत फरक तीनचा असेल. आठ-पाच बघ."

६८५ चं ६५८ केलं होतं. मी म्हटलं, नाना, मग तुमच्या अजमासात हे का नाही सापडलं? तर म्हणाले, साडेचारशेच्या भोकाची चाळणी, तिच्यात सत्तावीस रुपये अडकतील कसे? ती हत्ती अडवायला असते. उंदरासाठी पावती आणि यादी समोरासमोर ठेवून एकेक आकडा टिकमार्क करायचा, त्याला दुसरा उपाय नाही. आता झोप.

सत्तावीस भागिले अठरा, प्रत्येकी दीड रुपया. दीड रुपया मागणारा मेसेज मी तीन वेळा लिहिला आणि तीन वेळा खोडला.

सकाळी दार वाजलं. नाना. त्यांनी दोन रुपयांचं नाणं माझ्या हातावर ठेवलं. मी म्हटलं, अहो कशाला नाना, या ना, चहा घ्या.

ते जागचे हलले नाहीत.

"आठ आणे दे ना, भो."