शोरीलमध्ये भारी शॉट शेवटी नको, पहिला हवा

अ‍ॅनिमेशनमधल्या नोकरीसाठी पाठवायच्या शोरीलबद्दल, म्हणजे स्वतःच्या कामाच्या छोट्या व्हिडिओबद्दल, असा सल्ला मिळतो: “फ्रेशरने शोरील दोन-तीन मिनिटांची तरी करावी. मॉडेलिंग, लायटिंग, जे जे केलंय ते सगळं घ्यावं. आणि सगळ्यात भारी शॉट शेवटी ठेवावा, म्हणजे तो लक्षात राहतो.”

सर्वांत जास्त नुकसान यातल्या शेवटच्या सल्ल्याने होतं. एका जागेसाठी ढिगाने रील्स येतात. पहिले दोन शॉट कच्चे निघाले की निवड करणारा लीड अ‍ॅनिमेटर रील बंद करतो आणि राखून ठेवलेला शॉट कुणी बघतच नाही. सर्वांत भक्कम शॉट पहिला, त्याच्या खालोखालचा शेवटचा, उरलेले मधे.

लांबीचंही तसंच. कॅरेक्टर अ‍ॅनिमेटरच्या पहिल्या नोकरीसाठी पाऊण ते एक मिनिट भरपूर झालं. मिनिट भरण्यासाठी घातलेला कच्चा शॉट चांगल्या शॉटवरही शंका आणतो, कारण ‘याला स्वतःच्या चुका दिसत नाहीत’ असंच बघणारा समजतो.

समजा, हाताशी इतकं काम आहे: जड खोका उचलण्याचा ७ सेकंदांचा शॉट, भिंतीवरून उडीचा ६, मांजराच्या उडीचा ५, संवादाचा ११, शिवाय बाउन्सिंग बॉल, वॉक सायकल, खुर्चीचं मॉडेल गोल फिरवून दाखवणारं टर्नटेबल आणि ग्रुप फिल्म. खोक्याचा शॉट पहिला घ्यायचा, पण आधी तो फ्रेम-फ्रेम पुढे सरकवून तपासायचा. पाय उचलण्याआधी कंबर दुसऱ्या पायावर सरकते का? सरकत नसेल तर खोका थर्माकोलचा वाटतो. गुडघा एका फ्रेमला ताठ आणि पुढच्याच फ्रेमला एकदम वाकलेला दिसतो का? टेकलेलं पाऊल घसरतं का? यातलं काही सापडलं तर आधी दुरुस्ती, मगच पहिली जागा. त्यानंतर भिंतीची उडी, मग मांजर आणि शेवटी संवाद. संवाद नीट ऐकू यायला हवा, म्हणून रीलभर पार्श्वसंगीत नको. सुरुवातीला आणि शेवटी नाव-संपर्काची पाटी ३-३ सेकंद. झाली ३५ सेकंदांची रील.

बॉल आणि टर्नटेबल गाळायचे. खुर्चीच्या मॉडेलवरून अ‍ॅनिमेटरचं टायमिंग कळत नाही. मॉडेलिंगच्या जागेसाठी वेगळी रील करावी. वॉक सायकल गेम स्टुडिओसाठी मात्र कामाची आहे. ती दोनदा फिरवून दाखवावी, म्हणजे सायकलचा शेवट सुरुवातीला जुळतो तिथे झटका बसतो का ते दिसतं. ग्रुप फिल्ममधला आपण स्वतः केलेला एखादा शॉट रीलमधल्या बाकीच्या शॉट्सच्या तोडीचा असेल तरच घ्यावा आणि कोपऱ्यात ‘फक्त अ‍ॅनिमेशन’ असं लिहावं. रिग, म्हणजे कॅरेक्टर हलवायचा आतला सांगाडा, दुसऱ्याचा असेल तर तेही लिहावं.

लायटिंग नाही म्हणून अडून बसू नये. स्वच्छ प्लेब्लास्ट, म्हणजे रेंडर न करता सॉफ्टवेअरच्या व्ह्यूपोर्टमधूनच काढलेला व्हिडिओ, चालतो. त्यात रिगचे कंट्रोल कर्व्ह लपवावेत आणि तो शॉटच्याच फ्रेम रेटला, म्हणजे २४ चा असेल तर २४ लाच काढावा. २४ चा शॉट ३० च्या टाइमलाइनवर टाकला की काही फ्रेम्स दोनदा येऊन हालचाल मधेमधे अडखळते, आणि तो दोष अ‍ॅनिमेशनच्या माथी बसतो.