सिलिंडर भागिले १२५, पण दर पाहा शेवटच्या टप्प्याचा

«इंडक्शनवर जेवण खरंच स्वस्त पडतं का?»

१४.२ किलोचा सिलिंडर शेगडीवर जेवढी उष्णता भांड्याला देतो, तेवढीच इंडक्शनवर द्यायला साधारण १२५ युनिट लागतात. म्हणून सिलिंडरची किंमत भागिले १२५. समजा ९०० रुपये, तर युनिटला ७.२० रुपये. वीज यापेक्षा स्वस्त असेल तर इंडक्शन फायद्याचं. सिलिंडर ९० जेवणं पुरत असेल, तर गॅसचे जेवणामागे १० रुपये, विजेचे १.४ युनिट, ५ रुपये दराने ७.

मात्र बिलाची सरासरी धरू नका. गोव्यात दर टप्प्याटप्प्याने चढतो आणि स्वयंपाकाचे युनिट वरच्या टप्प्यात मोजले जातात, एसीच्या महिन्यांत तर नक्कीच. उकड्या तांदळाला इंडक्शन उत्तम. हुमणाचं मातीचं भांडं मात्र त्यावर तापणारच नाही.