माळ्यावरचं खोकं आणि चार वाट्या

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमचा माळा उतरवतात. म्हणजे मी स्टुलावर चढतो आणि बायको खालून सूचना देते. आजीची समई, मुलाचा पाळणा, तळ गेलेली पातेली असं सगळं खाली आलं की शेवटी कोपऱ्यातून ते काळं खोकं निघतं. एचडी डीव्हीडी प्लेअर. डिसेंबर २००७ मध्ये धाकट्या भावाने न्यू जर्सीहून आणलेला. तिकडे थँक्सगिव्हिंगच्या आसपास सेल लागला होता आणि प्लेअर शंभर डॉलरच्या आत मिळत होते. "दादा, फ्युचर आहे हे," असं म्हणून त्याने तो माझ्या हाती दिला. तेव्हा सिनेमाच्या नव्या तबकडीवरून तोशिबाची एचडी डीव्हीडी आणि सोनीची ब्लू-रे अशी लढाई चालू होती. एचडी डीव्हीडी हरली आणि पुढच्या दोन-अडीच महिन्यांत फ्युचर संपलं.

वस्तू उत्तम आहे, कारण ती कधी वापरलीच गेली नाही. तिला अमेरिकन व्होल्टेज लागतं, म्हणून आधी ट्रान्सफॉर्मर हवा. साध्या डीव्हीडीही चालतात तिच्यावर, पण अमेरिकेच्या रीजनच्या. त्यामुळे भावाने सोबत दिलेल्या दोन तबकड्या आणि ती, असा तिघांचाच संसार माळ्यावर चालू आहे.

"अहो, तुम्ही कॉलेजात अर्थशास्त्र शिकवता ना?" बायकोने यंदाही विचारलं. "मग कोण जिंकणार हे तुम्हाला आधी कळलं कसं नाही?"

दरवर्षी मी "अगं, तो वेगळा विषय" म्हणून सुटतो. यंदा ती चिवड्याची तयारी करत बसली होती, समोर शेंगदाणे आणि डाळं निवडून ठेवलेलं. मला मोह आवरला नाही. मी मांडणीवरून चार वाट्या काढल्या आणि ओट्यावर दोन-दोनच्या रांगेत मांडल्या.

"शेंगदाणे सोनीचे, डाळं तोशिबाचं. दोघांनीही ब्लू-रे काढलं तर ही वाटी." सहा शेंगदाणे टाकले, डाळ्याचे चार दाणे टाकले. "दोघांनीही एचडी डीव्हीडी काढली तर ही." चार शेंगदाणे, डाळ्याचे सहा. "आणि दोघं वेगवेगळ्या दिशेला गेले तर उरलेल्या दोन वाट्या. एक दाणा ह्याला, एक त्याला. दोन प्रकारच्या तबकड्या दिसल्या की गिऱ्हाईक म्हणतं, थांबू या, आधी ह्यांचं मिटू दे."

"सहा न् चार कुठून आणलेत?"

"माझ्या मनाचे. पण क्रम खरा आहे. स्वतःचं चाललं तर उत्तम, दुसऱ्याचं चाललं तरी बरं, भांडण सगळ्यात वाईट."

तिने भांडणाच्या वाटीकडे जरा निरखून पाहिलं.

मग मी गणितज्ञ जॉन नॅशची कसोटी लावली. वाटीत बसल्यावर एकट्यानेच उठून जाण्यात कुणाचा फायदा आहे का, एवढंच बघायचं. ब्लू-रेच्या वाटीतून तोशिबा एकटी उठली तर चाराचा एक होतो, म्हणून ती धुसफुसत का होईना बसून राहते. एचडी डीव्हीडीच्या वाटीत सोनीचं तेच. म्हणजे दोन वाट्या पक्क्या, आमच्या भाषेत समतोल. भांडणाच्या वाट्यांतून मात्र कुणीही एकाने पाऊल उचललं तर दोघांचंही भलं होतं.

"मग दोन पक्क्यांतली कुठली?"

"ते गणित सांगत नाही."

गेली बावीस वर्षं ह्याच वाक्यावर वर्गात शांतता पसरते आणि मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, पण परीक्षेत उत्तर काय लिहायचं?" दोन्ही लिहा म्हटलं की त्यांना वाटतं, सरांचीच तयारी नाही. बायकोचा चेहराही मागच्या बाकासारखाच झाला होता.

"अजून एक तिसरं उत्तर आहे," मी घाईने म्हणालो. "तीन नाणी उडवायची. आठ शक्यता. त्यातल्या पाचांत आपला हट्ट धरायचा, तिनांत सोडायचा. दोघांनीही असं केलं की दोन्ही पर्याय सारखेच वाटतात आणि बदलायचं कारण उरत नाही."

"आणि पदरात काय पडतं?"

मी पटकन हिशेब मांडला. निम्म्याहून अधिक वेळा भांडणाचीच वाटी. सरासरी दोघांनाही तीन दाण्यांहून थोडे कमीच.

"आणि मुकाट्याने दुसऱ्याचं ऐकलं असतं तर चार?" तिने एक शेंगदाणा तोंडात टाकला. सोनीचा. "शहाणेच आहेत."

खरं सांगायचं तर कोण सरस हे तेव्हाही ठरत नव्हतं. निळा लेझर दोघांचाही तोच. ब्लू-रेच्या एका थरावर २५ जीबी मावत, एचडी डीव्हीडीच्या १५. पण ब्लू-रेचा थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत, म्हणून तबकडी नव्या तऱ्हेने बनवायची. एचडी डीव्हीडीचा थर जुन्या डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटरवर, म्हणून चालू कारखान्यांतच थोड्या बदलाने काम भागे. एकीकडे जागा जास्त, दुसरीकडे खर्च कमी. एकच फॉरमॅट करू या म्हणून २००५ मध्ये बोलणीही झाली आणि फिसकटली.

गंमत अशी की हेच दोन गट त्याच्या दहा वर्षं आधी साध्या डीव्हीडीवरून असेच समोरासमोर आले होते. तेव्हा आयबीएमच्या पुढाकाराने कॉम्प्युटरवाल्या कंपन्या मध्ये पडल्या. आम्हाला एकच तबकडी हवी, दोन घेणार नाही. १९९५ मध्ये तडजोड झाली आणि ढाचा बराचसा तोशिबाच्या बाजूचा राहिला. वाट्या त्याच, खेळाडूही जवळपास तेच, पण एकदा समेट आणि एकदा लढाई. "मागच्या वेळी मी ऐकलं होतं, आता तू ऐक" हे वाक्य २००५ च्या खोलीत कुणी उच्चारलं की नाही देव जाणे. आमच्या घरात ते फार वेळा उच्चारलं जातं.

"मग शेवटी मिटलं कसं?"

परतीचे दोर कापून बघितले दोघांनी. सोनीने नोव्हेंबर २००६ च्या प्लेस्टेशन ३ मध्ये ब्लू-रे बसवूनच दिला. खेळ घेणाऱ्याच्या घरात तबकडीचा प्लेअर न मागता आला. समोरच्या बाजूने किंमत पाडली. भावाचा सेल तो हाच. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट ह्या सिनेमा कंपनीने ब्लू-रे सोडून नुसती एचडी डीव्हीडी धरली, तेव्हा पारडं तिकडे झुकल्यासारखं वाटलं. मग ४ जानेवारी २००८ ला वॉर्नर ब्रदर्सने जाहीर केलं की आम्ही यापुढे फक्त ब्लू-रे. वॉर्नर तोवर दोन्हीकडे होती. ती गेल्यावर उरलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं, दुकानदारांनी फळ्या रिकाम्या केल्या आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने खेळ थांबवला.

"म्हणजे ठरवलं तिसऱ्यानेच," बायको म्हणाली. "तो तुमच्या वाट्यांत कुठे आहे?"

नव्हता. माझ्या ओट्यावर दोनच कंपन्या होत्या. मी पाचवी वाटी शोधायला वळलो, तेवढ्यात तिने चारही वाट्या परातीत उलट्या केल्या. फोडणीच्या तेलाचा वास येत होता. समतोल, असमतोल, सगळं कढीलिंबात मिसळलं.

खोक्याचं अजून ठरलेलं नाही. तिचं म्हणणं भंगारवाल्याला द्या, माझं म्हणणं परत वर ठेवू. कुठलंही एक झालं तरी दोघांनाही बरं, हे मी तिला समजावलं. तिला पटलं, म्हणून ती म्हणाली, मग द्या भंगारात. आज पाचवा दिवस. खोकं पॅसेजमध्ये आहे. सकाळी माझा अंगठा त्यावर आपटतो, रात्री तिचा. काल तिने त्यावर आकाशकंदिलाचं सामान ठेवलंय.