खरचटलेल्या गुडघ्याला मलम कशाला?

"जखम कितीही छोटी असू दे, लगेच अँटिबायोटिक मलम लावा, नाहीतर पिकते. जुनी मलमं आता चालत नाहीत. म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक ॲसिडची ट्यूब घरात ठेवा, दोन दिवसांत जखम भरते. लावून नुकसान तर काहीच नाही."

हा सल्ला सर्रास ऐकू येतो, पण तो किती खरा? आधी पिकण्याचं बघू. अमेरिकेत १९९६ साली त्वचेच्या छोट्या शस्त्रक्रिया झालेल्या नऊशेहून अधिक रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींच्या जखमेला बॅसिट्रॅसिन हे अँटिबायोटिक मलम लावलं, काहींना नुसती पेट्रोलियम जेली. जंतुसंसर्ग झाला तो मलमवाल्यांत सुमारे एक टक्क्याला, जेलीवाल्यांत दोन टक्क्यांना, आणि एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. आता कुणी म्हणेल, त्या दवाखान्यातल्या स्वच्छ जखमा, आमचं पोरगं डांबरी रस्त्यावर पडलंय. बरोबर आहे. पण म्हणूनच तिथे धुण्याला महत्त्व. नळाच्या वाहत्या पाण्याखाली गुडघा चांगली पाच मिनिटं धरायचा, आजूबाजूला साबण लावायचा आणि अडकलेली खडी ओल्या स्वच्छ कापडाने काढायची. पोरगं बोंबलतं म्हणून आपण नेमकं हेच अर्धवट सोडतो आणि वर मलम थापतो. आत राहिलेल्या खडीवर कोणतंही मलम काम करत नाही.

भरण्याचं म्हणाल, तर अँटिबायोटिक जंतूंवर काम करतं, नवी कातडी आणत नाही. जखम ओलसर राहिली की कातडीच्या पेशी सहज सरकतात, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं. झाकलेल्या जखमेवर कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. 'मलमाने लवकर भरली' असं वाटतं त्यात मोठा वाटा मलमातल्या तेलकटपणाचा असतो, आणि ते काम पेट्रोलियम जेली नि वर स्वच्छ पट्टी करतात. तरी साधं खरचटणं आठ-दहा दिवस घेतंच.

नुकसानीची गोष्ट मात्र माझ्यासमोर घडलेली. सायकलवरून पडलेला दहा वर्षांचा मुलगा. आईने चार दिवस फ्रामायसेटिनचं मलम लावलं. मग भोवती लाली आली, बारीक पुरळ उठलं, पाणी सुटलं. तिला वाटलं पिकलं, म्हणून मेडिकलमधून 'जास्त स्ट्राँग' म्हणून निओमायसिन असलेली ट्यूब आणली. सहाव्या दिवशी आणखी वाढलं. माझ्याकडे आला तेव्हा तो गुडघा दुखतोय असं म्हणतच नव्हता, नुसता खाजवत होता. लाली बरोबर मलम फासलं होतं तेवढ्याच भागावर, जखमेपेक्षा चौपट. पू नाही, ताप नाही. ही मलमाचीच ॲलर्जी होती. फ्रामायसेटिन आणि निओमायसिन एकाच घराण्यातली, त्यामुळे बदललेल्या ट्यूबने आगीत तेल ओतलं. मलम बंद केलं, चार-पाच दिवस सौम्य स्टिरॉइड दिलं आणि गुडघा शांत झाला. खाज नि मलमाच्या आकाराची लाली असेल तर ॲलर्जीचा संशय घ्या. ठणका, ऊब, पू आणि रोज पसरणारी लाली असेल तर संसर्गाचा.

मग म्युपिरोसिन, फ्युसिडिक ॲसिड कधी? लहान मुलाच्या नाकाखाली किंवा खरचटल्या जागी मधासारख्या पिवळ्या खपल्या धरतात ना, तो इम्पेटिगो, म्हणजे कातडीचा वरवरचा जंतुसंसर्ग. डाग दोन-चारच असतील, मूल हसतं-खेळतं असेल, तर खपली भिजवून काढून यापैकी एक मलम दिवसातून दोन-तीनदा, पाच दिवस. वरवरची छोटी जखम खरोखर पिकली असेल तरीही डॉक्टर ते देतील. डाग खूप असतील, ताप असेल किंवा लाली पसरत असेल, तर पोटातून औषध लागतं. गळू झालं असेल तर पू काढावा लागतो. कुत्रं चावलं असेल तर या ट्यूबचा विचारही नको: पंधरा मिनिटं साबण-पाणी आणि तडक रेबीजची लस.

घरात ठेवून ऊठसूट वापरण्याला माझा विरोध आहे तो यासाठी की ही दोन्ही औषधं मुख्यतः स्टॅफिलोकोकसवर चालतात आणि तो जंतू त्यांना सरावतो. स्वीडन-नॉर्वेमध्ये २००० सालाच्या आसपास फ्युसिडिक ॲसिडला न जुमानणारा इम्पेटिगोचा जंतू मुलांमध्ये पसरला होता. ब्रिटनच्या २०२० च्या मार्गदर्शनात तर थोड्याच जागेवरच्या इम्पेटिगोला आधी एक टक्का हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम सुचवलंय, फ्युसिडिक ॲसिड त्यानंतर.

आणि घरात ट्यूब असेलच, तर तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. फ्युसिडिक ॲसिडच्या बऱ्याच ट्यूबमध्ये बेटामेथासोनही असतं. ते स्टिरॉइड आहे, उघड्या जखमेवर ते नको.