गाडी धावली १०५६ किलोमीटर, बिल आलं १६१८ चं

ड्रायव्हरसकट गाडी ठरवून पाच दिवसांची सहल करून आलो. परतल्यावर बिल हातात पडलं आणि मी वही घेऊन हिशोबाला बसले. आधी वाटलं बेरीज चुकली असेल. पण बेरीज बरोबर होती. चूक होती ती ठरवताना आम्ही न विचारलेल्या प्रश्नांची, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आमचं ठरलं होतं ते एवढंच: "रोज किमान २५० किलोमीटर, त्यावर जादा." आम्ही मनात ५ गुणिले २५० म्हणजे १२५० धरले. नकाशावर एकूण प्रवास १०२० चा होता, म्हणजे जादा काही लागणारच नाही असं गृहीत धरलं.

प्रत्यक्षात पहिल्या दिवशी ३१० किलोमीटर झाले, मग ९० आणि ७०, चौथ्या दिवशी २२० आणि परतीच्या दिवशी ३३०. कुठल्याही सहलीचं असंच असतं, जातानाचा आणि येतानाचा दिवस लांबलचक, मधले दिवस जवळपासच्या फिरण्याचे. आणि मेख नेमकी इथेच आहे. एजन्सीने पाच दिवसांची सरासरी धरली नाही, प्रत्येक दिवस वेगळा मोजला. ज्या दिवशी २५० पेक्षा कमी फिरलो त्या दिवशी २५० लावले, जास्त फिरलो तिथे जेवढे झाले तेवढे. म्हणजे ७० किलोमीटरच्या दिवशी वाचलेले १८० आमच्या खात्यात जमा झालेच नाहीत.

त्यात गॅरेज टू गॅरेज. मीटर आमच्या दारात नाही, गाडी त्यांच्या जागेवरून निघते तिथे सुरू होतो आणि तिथेच बंद होतो. जाताना १८, येताना १८. ही पद्धत मला चुकीची वाटत नाही, गाडी काही हवेतून येत नाही. पण ती आधी सांगायला हवी, आणि अंतर किती तेही.

खरा दणका बसला तो मध्यरात्रीचा. वाटेत उशीर झाला आणि घरी पोचायला १२ वाजून ४० मिनिटं झाली. कॅलेंडरप्रमाणे सहावा दिवस सुरू झाला! बारानंतरचे ४० आणि गॅरेजपर्यंतचे १८ मिळून ५८ किलोमीटर, पण दिवस नवा म्हणून २५० लागले. आता बेरीज करा: पहिला दिवस गॅरेजसकट ३२८, मधले तीन दिवस २५० प्रमाणे ७५०, पाचव्या दिवशी बारापर्यंत २९०, आणि त्या चाळीस मिनिटांच्या सहाव्या दिवसाचे २५०. झाले १६१८. दिवस २४ तासांचा धरला असता तर सकाळी साडेपाचला निघून पाच दिवसांतच परतलो होतो, आणि किलोमीटर एकत्र धरले असते तर १२५० वर काम भागलं असतं. ३६८ किलोमीटरचा फरक पडला तो फक्त दोन वाक्यं लिहून न घेतल्यामुळे.

नाईट चार्जचंही तसंच. बहुतेक ठिकाणी तो रात्री १० ते सकाळी ६ असा धरतात. आम्ही लवकर निघायच्या उत्साहात साडेपाचची वेळ दिली, तर त्या अर्ध्या तासाचा नाईट चार्ज लागला. शेवटच्या रात्री नाईट चार्ज लागलाच, शिवाय मुक्कामाचा भत्ताही लागला. त्या रात्री तर मुक्काम नव्हताच! दहा ते सहा गाडी चालवली तर नाईट चार्ज, बाहेरगावी रात्र काढली तर मुक्काम भत्ता. एकाच रात्रीचे दोन्ही लागू नयेत, हे माझं ठाम मत आहे. यावर वाद घातला तेव्हा एजन्सीने तो भत्ता काढला. किलोमीटरमधलं मात्र काही कमी केलं नाही.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते पैशांचं नाही. तिसऱ्या मुक्कामी पहाटे मी खोलीतून खाली आले तर गाडीच्या काचा आतून धुक्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. मागच्या खिडकीला टॉवेल अडकवलेला, पुढची सीट मागे पाडलेली, आणि आमचे ड्रायव्हरदादा पाय दुमडून झोपलेले. तीन रात्री ते गाडीतच झोपत होते. आम्ही मुक्काम भत्ता देणार होतो, म्हणून समजलो होतो की त्यांची सोय होते. विचारलं तर म्हणाले, "ताई, भत्ता महिन्याच्या हिशोबात धरतात. रात्री हातात काही नसतं."

त्या दिवशी २२० किलोमीटर जायचं होतं. दुपारी माझ्या लक्षात आलं की ते सारखी मान चोळतायत, खिडकी उघडतायत, बंद करतायत. गाडीचा वेग उगाच कमी-जास्त होत होता. मग एक वळण चुकलं आणि थोड्या वेळाने गाडी कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर गेली. मी थांबायला लावलं, ते वीस मिनिटं झोपले आणि मगच निघालो. संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर हॉटेलवाल्याला सांगून त्यांच्यासाठी खोली घेतली. युरोपात बस-ट्रकच्या चालकांना साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, तसा कायदाच आहे. छोट्या गाडीच्या ड्रायव्हरची झोप मात्र आपण कुणीच मोजत नाही, आणि आपली पोरंबाळं त्याच्याच मागच्या सीटवर झोपलेली असतात.

म्हणून मला वाटतं, मुक्काम भत्ता किती यापेक्षा तो कुणाला आणि कधी मिळतो ते आधी विचारावं. मी आता सरळ सांगते की भत्ता रोज रात्री ड्रायव्हरच्या हातात देणार, ड्युटी स्लिपवर त्यांची सही घेणार आणि शेवटच्या बिलातून वजा करणार. हॉटेल ठरवतानाच ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय आहे का विचारते. नसेल तर दुसरं हॉटेल बघते.

रूटही तारखेप्रमाणे लिहून देते: कुठून कुठे, मुक्काम कुठे, त्या दिवशी काय काय बघायचं. "वाटेत एक ठिकाण आहे" हे आपण फार सहज बोलतो. पण फाट्यापासून २२ किलोमीटर आत असेल तर जाऊन-येऊन ४४ होतात, आणि मग पोचायला उशीर होऊन रात्रीचे १० वाजतात. ड्रायव्हर नाही म्हणतो तेव्हा आपल्याला तो आडमुठा वाटतो, खरं तर त्याला दिलेल्या रूटमध्ये ते नसतंच.

आणि मीटरचा फोटो. निघताना, रोज रात्री गाडी लावल्यावर आणि शेवटी उतरताना. ड्रायव्हरच्या समोरच काढायचा, म्हणजे त्यांनाही वाईट वाटत नाही आणि स्लिपवर तोच आकडा जातो.

पुढच्या सहलीसाठी दुसऱ्या एजन्सीला मी हा मेसेज पाठवला:

"दादा, पाच दिवसांचे १२५० किलोमीटर एकत्र धरायचे, रोजचे वेगळे नाही. दिवस निघाल्यापासून २४ तासांचा. गॅरेज ते आमचं घर किती किलोमीटर ते आत्ताच सांगा. नाईट चार्ज १० ते ६ मध्ये गाडी चालली तरच, आणि त्या रात्री मुक्काम भत्ता नाही. भत्ता ड्रायव्हरला रोज आम्ही देऊ. टोल-पार्किंग पावतीप्रमाणे. रूट खाली लिहिलाय, जादा ठिकाण असेल तर ड्रायव्हरला विचारून. हे सगळं मान्य असेल तर 'ओके' लिहा, मग ॲडव्हान्स पाठवते."

त्यांचं उत्तर आलं, "गॅरेज ११ किमी. दिवस २४ तासांचा जमणार नाही, पण रात्री १ पर्यंत आलात तर सहावा दिवस लावणार नाही. बाकी ओके." मी ॲडव्हान्स पाठवला.