मंडळाचे नाव: महाराष्ट्राचे की मराठीचे?

«आमच्या जर्मन शहरात पस्तीसेक मराठी कुटुंबे आहेत. संस्थेची रीतसर नोंदणी करायची आहे, पण तीन बैठका होऊनही नावावर एकमत नाही. इथे वाढलेल्या मुलांनाही आपले वाटेल असे नाव कसे ठरवावे?»

राईनकाठच्या आमच्या शहरात आम्ही याच टप्प्यातून गेलो. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की नावात 'महाराष्ट्र' असावा की 'मराठी', हा एक प्रश्न आधी शांतपणे सोडवावा, आणि उरलेला वेळ नावापेक्षा घटनेतल्या उद्देशाच्या कलमाला द्यावा.

आमच्या पहिल्या बैठकीत 'महाराष्ट्र मंडळ' हे नाव जवळजवळ ठरल्यासारखेच होते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे आहे, त्यामुळे या नावामागे मोठी परंपरा आहे आणि ते कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. तेव्हा बडोद्याचे एक निवृत्त काका उठले. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते, पण त्यांच्या कुटुंबातले कोणीही कधी महाराष्ट्रात राहिलेले नाही. «माझ्या भाषेवरून मला बोलावता आणि दारावर दुसऱ्याच राज्याची पाटी लावता,» असे ते म्हणाले. सभागृहाला ते पटले. पण लगेच बेळगावच्या एका वहिनींनी नेमकी उलट बाजू मांडली. त्यांच्या सासऱ्यांनी सीमाप्रश्नात तुरुंगवास भोगला होता; 'महाराष्ट्र' हा शब्द त्यांच्या घरात नकाशावरचे राज्य म्हणून नव्हे, तर न मिळालेला हक्क म्हणून उच्चारला जातो. तो शब्द इथे आपल्याच माणसांनी वगळावा, हे त्यांना सहन होत नव्हते.

नावाचा वाद क्षुल्लक असतो असे म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला आणि प्रत्यक्ष नामविस्तार १९९४ साली झाला. मधल्या सोळा वर्षांत माणसांची घरे जळली आणि जीव गेले. तिथे प्रश्न प्रतिष्ठेचा होता, सार्वजनिक संस्थेवर कोणाचा हक्क आहे याचा होता. आमच्या मंडळाच्या नावाची त्याच्याशी बरोबरी करणे अन्यायाचे होईल, आणि आमच्या एका सभासदाने 'आपणही नामविस्तार करू, दोन्ही शब्द घालू' असे सुचवले तेव्हा मी विरोध केला. तिथे जुने आणि नवे नाव एकत्र येण्याला मोठ्या संघर्षाची किंमत होती. इथे दोन शब्द जोडून आम्ही फक्त निर्णय टाळला असता.

निर्णयाकडे जाण्याची वाट मुलांनी दाखवली, पण आम्ही अपेक्षा केली होती त्या मार्गाने नाही. आम्हाला वाटले होते की त्यांना एखादे आधुनिक, छोटे नाव आवडेल. एका सोळा वर्षांच्या मुलीने सगळी सुचवलेली नावे रोमन लिपीत लिहून आपल्या वर्गातल्या मुलांकडून मोठ्याने वाचून घेतली आणि दुसऱ्या बैठकीत ती यादी आणली. जर्मन वाचक शब्दाच्या सुरुवातीच्या 'एस'चा, पुढे स्वर असल्यास, झ करतो, म्हणून 'सेतू'चा 'झेतू' झाला होता. 'झेड'चा उच्चार त्स होतो आणि 'जे'चा य, त्यामुळे 'माझा' शब्द कोणत्याही स्पेलिंगने धड वाचला जाईना. 'मैत्री'चे 'मायत्री' झाले. 'मंडळ' वाचल्यावर प्रत्येकाला रंग भरायच्या पुस्तकांतले मंडल आठवले, आणि ळ तर रोमन लिपीत शिल्लकच राहिला नाही. गंमत अशी की आम्हाला सर्वांत अवघड वाटलेला 'महाराष्ट्र' हा शब्द त्यांनी सहज म्हटला, कारण श्त्र हे जोडाक्षर त्यांच्या भाषेत रोजचे आहे. 'मराठी'चे मात्र 'मराटी' झाले. तरीही ती मुलगी म्हणाली, «मी महाराष्ट्रात सुट्टीला जाते, पण मराठी मी घरी बोलते. कोणी विचारले तर मला मराठीच सांगता येईल.»

महाराष्ट्रात २०२५ साली पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला आणि जूनअखेर शासनाने ते निर्णय मागे घेतले. त्या दिवसांत इथले आमचे संभाषणही तेवढेच तापले होते. पण तिथे मराठी ही शाळेची, बाजाराची आणि सरकारची भाषा आहे, आणि तिच्या जागेचे रक्षण करायचे आहे. इथे ती आई किंवा बाबा, पुष्कळदा दोघांपैकी एकच जण, बोलतो ती भाषा आहे. ज्या मुलाचे वडील जर्मन आहेत त्याचे राज्याशी नाते आईमार्फतच आहे, भाषेशी मात्र ते त्याचे स्वतःचे असू शकते. म्हणून माझे मत 'मराठी'च्या बाजूने गेले. बेळगावच्या वहिनींचे समाधान झाले नाही. त्यांनी विरोधी मत नोंदवले, आणि त्यांचा मुद्दा मला आजही हलका वाटत नाही.

नोंदणीबद्दल आमच्याकडे बरेच गैरसमज होते. एका गृहस्थांनी ठामपणे सांगितले की नाव जर्मनच हवे. ते अर्धे खरे आहे: घटना जर्मन भाषेत द्यावी लागते, नाव मात्र मराठी शब्दांचे, रोमन लिपीत, चालते, त्याच गावातल्या नोंदणीकृत संस्थांच्या नावांहून ते स्पष्ट वेगळे हवे एवढेच. दुसरे एकजण चिन्हाच्या रंगांवरच बोलत राहिले, आणि तिसऱ्यांनी नगरपालिकेत आपले आडनाव कसे चुकले ते सविस्तर सांगितले. ते ऐकून, पुढे वाद नको म्हणून, आम्ही नावाचे रोमन स्पेलिंग ठरावातच अक्षरागणिक लिहिले.

पण खरी चूक आमच्या हातून उद्देशाच्या कलमात होता होता राहिली. नावावर दोन बैठका आणि उद्देशावर दहा मिनिटे, असे आमचे चालले होते. जर्मन कायद्यात घटनेत वेगळी तरतूद नसेल तर नाव बदलायला दिलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश मते पुरतात. संस्थेचा उद्देश बदलायला मात्र सर्व सभासदांची संमती लागते, गैरहजर असलेल्यांची लेखी. आमच्या मसुद्यात 'मराठी कुटुंबांनी एकत्र येऊन सण साजरे करावेत' एवढेच होते. करसवलतीसाठी केवळ स्नेहसंमेलन पुरत नाही, आणि कायमच्या बंदिस्त गटासाठी असलेले काम सार्वजनिक हिताचे मानले जात नाही. आम्ही ते बदलून मराठी भाषा व संस्कृतीचे शिक्षण आणि प्रसार, सर्वांसाठी खुला, असे लिहिले. आज पंचवीस वर्षांची होऊन स्वतःचे घर करणारी मुलगी पहिल्या मसुद्यात कुठल्या 'कुटुंबा'ची सभासद ठरली असती, हे कोणालाच सांगता आले नाही.

त्यामुळे सभासदत्व आम्ही व्यक्तीचे केले, कुटुंबाला फक्त वर्गणीत सवलत ठेवली. सोळाव्या वर्षापासून मताधिकार द्यावा, असे मी सुचवले आहे. पालकांच्या संमतीने सज्ञान नसलेली मुले सभासद होऊ शकतात, पण त्यांना मत द्यायचे की नाही हे घटनेत स्पष्ट लिहायला हवे. बडोद्याचे काका याला विरोध करत आहेत, कारण त्यांच्या मते वर्गणी भरणाऱ्यानेच मत द्यावे. शरदातल्या सभेत यावर मतदान आहे, आणि तोपर्यंत फलकावर रोमन नावाखाली देवनागरीत, ळसकट, 'मंडळ' लिहिण्याचे काम त्या यादी करणाऱ्या मुलीकडे दिले आहे.