शाळा सिद्धीतला स्तर ३ आणि जुलैतली शाळा

कोकणातल्या शाळेने स्वयंमूल्यमापनातला सुरक्षिततेचा भाग फेब्रुवारीत भरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फेब्रुवारीत पऱ्या आटलेला असतो, पाखाडीवर शेवाळ नसतं, कौलांतून उजेड येतो तो छान दिसतो आणि स्वच्छतागृहाकडे जाणारी वाट कोरडी ठणठणीत असते. अशा दिवसांत 'भौतिक सुरक्षितता' या मानकासमोर ३ लिहिला जातो. लिहिणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या डोळ्यांसमोर दिसतं ते तो लिहितो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शाळा सिद्धी ही शाळांच्या मूल्यमापनाची राष्ट्रीय चौकट २०१५ मध्ये आली. त्यात ७ क्षेत्रं आणि ४६ गाभा मानकं आहेत, आणि प्रत्येक मानकाला १, २ किंवा ३ स्तर द्यायचा असतो. अध्यापन, विद्यार्थ्यांची प्रगती, नेतृत्व, समावेशन-आरोग्य-सुरक्षितता ही त्यातली काही क्षेत्रं. आधी शाळा स्वतः आपले स्तर भरते, मग बाहेरचे निर्धारक येऊन पडताळतात. पुढे शाळांची गुणवत्ता तपासायला स्क्वाफ हे नवं मूल्यांकन आलं, त्यात मानकांची मांडणी वेगळी, पण दुखणं तेच: आकडा आधी ठरतो आणि पुरावा मागाहून जमवला जातो.

वास्तविक प्रत्येक स्तराखाली वर्णन विधानं दिलेली असतात आणि वरचा स्तर घ्यायचा तर खालची विधानंही खरी असावी लागतात. म्हणजे स्तर ३ मधलं एक वाक्य जुळलं म्हणून ३ मिळत नाही. स्तर २ मधलं एखादं वाक्य लंगडत असेल तर स्तर १ वरच थांबायचं. ही एक शिस्त पाळली तरी निम्म्या शाळांचे आकडे खाली येतील असा माझा अंदाज आहे. येऊ देत.

एक काल्पनिक शाळा घेऊ. रत्नागिरी जिल्ह्यातली वाडीवरची शाळा, पहिली ते पाचवी, दोन शिक्षक, २२ मुलं. त्यातली ३ चिरेखाणीवरच्या कामगारांची, घरी कन्नड बोलणारी. इमारत चिऱ्याची, वर मंगलोरी कौलं, मागे चिऱ्यांची भिंत म्हणजे गडगा, पुढे दोन माड.

जुलैत, पाऊस थांबलेला नसताना, फाटकापासून स्वच्छतागृहापर्यंत पहिलीतल्या मुलासोबत चालत जा. साकवाचा कठडा त्याच्या हाताला पोचतो का? मागचा गडगा पोट काढून उभा आहे का? मुरलेलं पाणी तिथेच साचतं आणि चिरे आतून ढकलले जातात. वाशांना वाळवी लागली की कौल सरकतं, आणि ते आधी भिंतीवरच्या ओल्या पट्ट्यावरून कळतं. तो पट्टा मीटरच्या पेटीपर्यंत आला असेल तर इतर काही बघायची गरज नाही, त्या मानकाला १. स्वयंपाकघरामागे सरपण रचलेलं असेल तर तिथे सापाला आयती जागा मिळते. ते जमिनीपासून उचलून, भिंतीपासून लांब ठेवलेलं हवं. अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही हे बघायला दोन सेकंद लागतात, तरी बहुतेक ठिकाणी बिलाची प्रतच दाखवतात.

मग आपत्ती सराव. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत शाळांची छपरं उडवली, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं, तेव्हापासून सरावाचे फोटो सगळ्यांकडे आहेत. फोटो बाजूला ठेवा आणि तिसरीतल्या मुलीला विचारा, "घंटा सलग वाजली तर तू कुठे जाशील?" तिने माडाखाली बोट दाखवलं तर सराव झाला आहे, पण चुकीचा. वाऱ्यात माडाखाली कोणी मुलं गोळा करतं का!

आता अध्यापन. इथे टाचण वहीचा ढीग पुरावा म्हणून ठेवतात. टाचणावरून शिक्षकाने काय ठरवलं होतं ते कळतं, मुलाला काय आलं ते कळत नाही. त्यासाठी आधी प्रगतीच्या क्षेत्राकडे जावं आणि तिथून मागे अध्यापनाकडे यावं, असा माझा आग्रह आहे.

आपल्या शाळेत तिसरी ते पाचवीत १४ मुलं आहेत असं धरू. प्रगतिपत्रकावर बहुतेकांना ब च्या वरच्या श्रेणी आहेत. फळ्यावर ५२ − २७ लिहा आणि वहीत करायला सांगा. समजा ८ जणांचं २५ आलं, ५ जणांचं ३५ आणि एकाने काहीच लिहिलं नाही. ती ३५ वाली ५ मुलं निष्काळजी नाहीत. त्यांनी एककाच्या घरात ७ मधून २ वजा केले, कारण 'मोठ्यातून लहान' एवढंच त्यांच्या मनात बसलं आहे. दशक सुटा करून हातचा घेणं काड्यांच्या गठ्ठ्यांनी कधी झालंच नाही. आता त्यांच्या मागच्या चाचणीच्या उत्तरपत्रिका काढा. हीच चूक तिथेही असेल आणि त्यानंतर वर्गात काही बदललं नसेल, तर 'मूल्यमापन' या अध्यापनातल्या मानकाला ३ देता येणार नाही, कारण चाचणीतून जे कळलं त्यावरून पुढचं शिकवणं बदलायला हवं होतं. न लिहिणारं मूल चिरेखाणीवरचं असेल तर ते समावेशनाच्या मानकाखालीही तपासायचं: त्याला गणित येत नाही की सूचना कळली नाही? काड्या हातात देऊन बघा, लगेच उलगडा होतो.

आणि लहान शाळेत टक्केवारी काढू नये. चौथीत ४ मुलं असतील तर एक मूल म्हणजे २५ टक्के. एक कुटुंब मुंबईला गेलं की शाळा 'सुधारते' किंवा 'घसरते'. त्याऐवजी तेच मूल वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीत कुठे होतं आणि वर्षअखेरच्या संकलित २ चाचणीत कुठे आहे, हे नावानिशी लिहावं. २२ मुलांसाठी ते एका पानात मावतं.

नेतृत्वाबद्दल फार लिहीत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या शेवटच्या चार सभांची इतिवृत्तं शेजारी ठेवा. चारही ठिकाणी 'गडग्याची दुरुस्ती, चर्चा झाली' असेल तर उत्तर मिळालं. तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे आहे आणि पेटी उघडल्याच्या तारखा कुठे लिहिल्या आहेत, हेही विचारा. कायम रिकामी निघणारी पेटी ही मानसिक सुरक्षिततेची खूण मानू नये.

माझा खरा राग बेरजेवर आहे. पायाभूत साधनांना उपलब्धता आणि दर्जा असे दोन वेगळे स्तर असतात ते सोडून देऊ, सोपा हिशोब करू: ४६ मानकं गुणिले ३, कमाल १३८. एका शाळेला भौतिक सुरक्षिततेत १, सहा मानकांत २ आणि बाकी सगळीकडे ३. बेरीज १३०, म्हणजे ९४ टक्क्यांहून जास्त. शाळांच्या केंद्रात पेढे वाटण्याजोगा आकडा, आणि गडगा मात्र मुलांच्या बाजूला झुकलेला. सुरक्षिततेचा १ दुसऱ्या कशातल्याही ३ ने भरून निघत नाही, म्हणून बेरीज जाहीर करूच नये, सात क्षेत्रं वेगवेगळी वाचावीत.

त्या १ ला घाबरण्याचंही कारण नाही. दोन शिक्षकी शाळा गडगा स्वतःच्या पैशांनी बांधू शकत नाही. ग्रामपंचायतीकडे किंवा पंचायत समितीकडे मागणी करायची तर जुलैतले तारखेसह फोटो आणि स्वतः दिलेला १ हाच तिचा आधार असतो. ३ लिहून दुरुस्तीचे पैसे कसे मागणार? विकास आराखड्यात मग 'सुरक्षितता वाढवणे' असं लिहू नका. असं लिहा: मागचा गडगा, १२ मीटर, पाणी जायला खाली भोकं ठेवून; पाठपुरावा मुख्याध्यापक व समिती अध्यक्ष; काम मेच्या अखेरीस पूर्ण; तोपर्यंत त्या बाजूला दोरी आणि मधल्या सुट्टीत एक शिक्षक तिथे उभा.